डॅशकॅमचा ओव्हरराइट झालेला व्हिडिओ परत मिळतो का?

"शनिवारी संध्याकाळी ६:५० ला मागून एकाने ठोकलं. ३२ जीबी कार्ड, पुढे-मागे दोन्ही कॅमेरे. सोमवारी कार्ड बघितलं तर सगळ्यात जुनी फाइल शनिवारी ७:०४ ची आहे. रिकव्हरी सॉफ्टवेअरने ६:५० ची क्लिप मिळेल का?"

आधी कार्ड बाहेर काढा आणि परत कॅमेऱ्यात घालू नका, गाडी चालू केली की लगेच रेकॉर्डिंग सुरू होतं.

आता खरं सांगायचं तर नॉर्मल फोल्डरमधली ती क्लिप गेल्यात जमा आहे. कार्ड भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनी फाइल उडवतो आणि त्याच मोकळ्या जागेत नवीन लिहितो, म्हणजे उडवलेली पण अजून वर काही न लिहिलेली जागा फक्त कार्डवर रिकामी दिसते तेवढीच. कॉम्प्युटरवर कार्डची फ्री स्पेस बघा. समजा ३०० एमबी आहे आणि दोन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला ३ एमबी लिहितायत (एका मिनिटाच्या पुढच्या-मागच्या फाइल्सची साइज मिळवून ६० ने भागा, तुमचा आकडा कळेल), तर हातात शंभर सेकंद, म्हणजे ७:०२ च्या आसपासचं काहीतरी. तुम्हाला हवंय १४ मिनिटं मागचं, त्याला अडीच जीबी मोकळी लागली असती.

तरी ट्राय करायचंच असेल तर मूळ कार्डवर काहीच चालवू नका, आधी इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डची हुबेहूब कॉपी, काढा आणि PhotoRec हे रिकव्हरी सॉफ्टवेअर त्या इमेजवर चालवा. लिनक्सवर असं, sdX च्या जागी तुमच्या कार्डचं नाव:

```
sudo ddrescue -n /dev/sdX card.img card.map
photorec card.img
```

इथे एक फसवाफसवी होते. काही सॉफ्टवेअर ६:५० च्या नावाची फाइल बरोबर साइजसकट दाखवतात, लोक खुश होऊन पैसे भरतात, आणि उघडली तर चालतच नाही किंवा सोमवारचा रस्ता दिसतो! कारण नाव जुन्या नोंदीतलं असतं, जागेत माल नवा. म्हणून व्हिडिओवर खाली छापलेली तारीख-वेळ बघा, फाइलच्या नावावर जाऊ नका. दोन कॅमेऱ्यांच्या फाइल्स एकाच वेळी लिहिल्या जातात, त्यामुळे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि PhotoRec ला मिळालेली क्लिप मध्येच तुटते ते वेगळंच.

तुमची खरी आशा दुसरीकडे आहे. मागून ठोकलं म्हणजे धक्का बसला असणार, धक्का ओळखणारा जी-सेन्सर चालू असेल तर ती क्लिप लॉक होऊन EVENT किंवा RO अशा वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि जुन्यावर नवीन लिहिणारा लूप सहसा तिला हात लावत नाही. अख्खं कार्ड उघडून सगळे फोल्डर बघा, आणि तारखेवरून शोधू नका कारण कॅमेऱ्याचं घड्याळ रिसेट झालेलं असेल तर फाइलवर भलतंच वर्ष पडतं. सेन्सर बंद असेल तर तिथेही काही नसणार, लो वर असेल तर नसण्याची शक्यता आहे, मग जवळच्या दुकानाच्या किंवा पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीसाठी आजच जा, तिथेही लूपच असतो.