कोड चांगला, पण प्रोजेक्टला नको: अशी पुल रिक्वेस्ट कशी नाकारावी?

प्रश्न: माझ्या छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टवर एका अनोळखी मुलाने मोठी पुल रिक्वेस्ट पाठवली आहे. कोड नीट आहे, मेहनत दिसते, पण मला प्रोजेक्ट त्या दिशेला न्यायचाच नाही. त्याला न दुखावता नाही कसं म्हणू?

उत्तर:

मी सावद्याजवळ राहतो आणि केळीच्या वजनाची पट्टी काढणारं एक छोटं पान सांभाळतो. कापणीच्या दिवशी टोळी घड तोडते, काट्यावर वजनं होतात, एक जण आकडे लिहितो आणि शेवटी बेरीज, ठरलेली घट आणि क्विंटलचा भाव लावून पट्टी निघते. तेवढंच काम हे पान करतं. एकच एचटीएमएल फाइल आहे, फोनमध्ये एकदा उतरवली की इंटरनेट लागत नाही. बागेत रेंज नसते, म्हणूनच ते तसं बनवलं.

नकार देण्यात मी एकदा फार वाईट चुकलो आहे. शिरपूरकडच्या एका मुलाने बाजारभाव आपोआप आणून पट्टीत भरणारा कोड पाठवला होता. मला तो नको होता, हे पहिल्याच दिवशी माहीत होतं. पण तोंडावर नाही म्हणवेना. म्हणून मी दुरुस्त्या सांगत बसलो. आधी म्हटलं नावं बदला, मग म्हटलं फाइल वेगळी करा, मग टेस्ट लिहायला सांगितल्या. तो बिचारा प्रत्येक वेळी दोन-तीन दिवसांत करून द्यायचा. चार महिन्यांनी मी लिहिलं की हे आपल्या पानात बसत नाही. त्याने अहिराणीत एवढंच लिहिलं, ‘भाऊ, मन्हं काय चुकनं?’ त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पहिल्या दिवशी नाही म्हटलं असतं तर त्याची एक संध्याकाळ गेली असती. माझ्या भिडेपायी त्याचे चार महिने गेले. तेव्हापासून एक गोष्ट पाळतो: घ्यायचं की नाही हे आधी ठरवायचं, आणि ते ठरेपर्यंत कोडच्या एकाही ओळीवर शेरा लिहायचा नाही. ओळीवर शेरा लिहिला की समोरचा समजतो, एवढं दुरुस्त केलं की काम झालं.

त्यानंतर तशीच वेळ पुन्हा आली, ती सविस्तर सांगतो. धुळ्याच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने लॉगिन आणि सिंक जोडून पाठवलं, म्हणजे एका फोनवर लिहिलेली पट्टी दुसऱ्या फोनवर दिसणार. पुल रिक्वेस्टचा नंबर 62, जवळजवळ दोन हजार ओळी. मी ती आधी चालवून पाहिली. गिटहबवरची कुठलीही पुल रिक्वेस्ट आपल्या मशीनवर अशी आणता येते:

```
git fetch origin pull/62/head:pr-62
git switch pr-62
```

पान फोनवर घेतलं, दोन फोनांवर पट्टी जुळते का ते बघितलं. छान जुळत होती. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि पान नव्याने उघडलं. ते लॉगिनवरच अडकलं, गोल चक्र फिरत राहिलं. तिथेच मला उत्तर मिळालं. लॉगिन ऐच्छिक करून हे सोडवता आलं असतं, हे खरं आहे. पण मग मी स्वतःला विचारलं: लॉगिन ऐच्छिक केलं, कोड अगदी निर्दोष केला, तर मी हे घेईन का? तरीही नको, हेच मनात आलं. कारण शेतकऱ्याला काय भाव मिळाला हा आकडा दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर जाऊ नये, असं मला पहिल्यापासून वाटतं. ‘निर्दोष केला तर घेईन का’ हा प्रश्न तुम्हीही विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर ती नाकारायची पुल रिक्वेस्ट नाही, दुरुस्त्या सुचवायची आहे.

मग हे उत्तर लिहिलं. आमच्याकडे सगळे मराठीतच लिहितात, म्हणून जसंच्या तसं देतो:

> नमस्कार,
>
> ही पुल रिक्वेस्ट मी घेत नाहीये. हे आधीच सांगतो, म्हणजे तुमचा आणखी वेळ यावर जाणार नाही.
>
> काल दोन फोनांवर चालवून पाहिली. पट्टी दोन्हीकडे बरोबर जुळते. मुलगा बागेत आणि मालक घरी असतो तेव्हा याचा उपयोग होईल, हे मला पटतं.
>
> पण हे पान सर्व्हरशिवाय चालावं आणि पट्टीतले आकडे फोनबाहेर जाऊ नयेत, या हेतूनेच ते बनवलं आहे. सिंक घेतलं की लोकांची खाती आणि त्यांचा हिशोब आपल्या ताब्यात येतो. ते या पानात मला नको आहे. हे README मध्ये लिहिलेलं नव्हतं, ती चूक माझी. आज लिहिलं आहे.
>
> तुमचा तिसरा कमिट, पैशांच्या बेरजेचा, मात्र खरी चूक दुरुस्त करतो. तो तुमच्या नावाने main मध्ये घेतला आहे.
>
> सिंक पुढे न्यायचं असेल तर वेगळा प्रोजेक्ट म्हणून जरूर करा, परवान्यात तशी मुभा आहे. पट्टी फाइलमध्ये बाहेर काढण्याचं बटण या पानात घ्यायला मी तयार आहे. ते करायचं असेल तर आधी इश्यू उघडा. फाइलचा साचा दोघे मिळून ठरवू, मग कोड लिहा.
>
> ही पुल रिक्वेस्ट बंद करतो. काही विचारायचं असेल तर इथेच लिहा.

यातल्या तीन जागा समजावून सांगतो, कारण तुमचा मजकूर वेगळा असला तरी घोळ याच जागी होतो.

पहिली जागा म्हणजे नकाराचं कारण. ‘मला वेळ नाही’ असं लिहायचा मोह होतो, कारण ते सौम्य वाटतं. पण ते खरं कारण नसेल तर लिहू नका. समोरचा भल्या मनाने म्हणेल, ‘मी सांभाळतो ना’, आणि मग तुम्हाला दुसऱ्यांदा नकार द्यावा लागेल, तोही खोटे पडून. तसंच ‘सध्या’ आणि ‘पुढच्या व्हर्जनला बघू’ या शब्दांचं. कधीच घेणार नसाल तर ‘सध्या’ लिहिलं की तो मुलगा सहा महिन्यांनी ब्रांच अद्ययावत करून पुन्हा दारात उभा राहतो. कारण प्रोजेक्टचं असावं, त्याच्या कोडचं नव्हे. म्हणूनच नकाराच्या पत्रात मी कोडच्या चुका सांगत नाही. एकदा घ्यायचंच नाही म्हटल्यावर त्या चुकांचा त्याला काय उपयोग? त्याने स्वतःहून विचारलं तर मात्र सगळ्या मनापासून सांगाव्यात.

दुसरी जागा README ची. जो नियम कुठे लिहिलेलाच नाही, तो दाखवून नकार दिला की समोरच्याला वाटतं, माझ्यासाठीच हा आत्ता काढला. आणि त्याचं वाटणं रास्त असतं. म्हणून उत्तर पाठवण्याआधी मी दोन ओळी लिहून main मध्ये टाकल्या, ‘हे पान काय करणार नाही’ या मथळ्याखाली: सर्व्हर नाही, खाती नाहीत, पट्टीतला कुठलाही आकडा फोनबाहेर जात नाही. आणि हे आधी लिहायला हवं होतं, हे उत्तरात कबूल केलं. तुमच्याही README मध्ये ही ओळ बहुधा नसेल. उत्तर लिहायला बसण्याआधी ती घाला. एखादी ओळ लिहिताना पेन अडखळलं, तर तुमची दिशा तुमच्याच मनात पक्की नाही असं समजा. मग नकार थांबवून आधी त्यावर विचार करा.

तिसरी जागा त्या एका कमिटची. मोठी पुल रिक्वेस्ट नाकारताना तिच्यात घेण्यासारखं काही आहे का, हे कमिट-कमिट उघडून बघतो. या मुलाला काम करताना एक खरी चूक सापडली होती. आमचं पान रक्कम दशांशात ठेवायचं आणि शेवटी दोन घरांपर्यंत आणायचं. जावास्क्रिप्टमध्ये हे करून बघा:

```
(1.005).toFixed(2)   // "1.00"
```

1.01 यायला हवं असं आपल्याला वाटतं, पण 1.005 हा आकडा मशीनमध्ये नेमका बसत नाही, किंचित कमी साठवला जातो, म्हणून 1.00 येतं. पट्टीत यामुळे पैशाचा फरक पडायचा. पैसा क्षुल्लक वाटेल, पण व्यापाऱ्याच्या कॅल्क्युलेटरवर वेगळी रक्कम दिसली की अख्ख्या पट्टीवरचा विश्वास उडतो. त्याने वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशात, दोन्ही पूर्णांकात ठेवली होती. हा कमिट सुटा होता, सिंकवर अवलंबून नव्हता, म्हणून थेट उचलता आला:

```
git switch main
git cherry-pick 4f1c9ab
```

असं उचललं की लेखक म्हणून त्याचंच नाव राहतं, कमिट करणारा म्हणून आपलं लागतं. गिटहब दोन्ही दाखवतं. पण खुद्द पुल रिक्वेस्टवर ‘मर्ज्ड’ असं न दिसता ‘क्लोज्ड’ असंच दिसतं, म्हणून काय घेतलं ते उत्तरात शब्दांत लिहायचं. कमिट सुटा नसेल आणि तुम्हाला तो भाग स्वतः पुन्हा लिहावा लागला, तर कमिटच्या संदेशाच्या शेवटी `Co-authored-by:` ही ओळ त्याच्या नाव-ईमेलसह टाका. दुसऱ्याची कल्पना गुपचूप घेणं हे नकारापेक्षा मनाला कितीतरी जास्त लागतं.

आणि खरोखर बंद करा. उत्तर लिहून पुल रिक्वेस्ट उघडी ठेवली तर ती वाट पाहत बसते. बंद केलेली पुन्हा उघडता येते, पण बंद असताना त्याने त्या ब्रांचवर फोर्स पुश केला तर गिटहब उघडू देत नाही, नवीच काढावी लागते. चर्चा लॉक मात्र करू नका. त्याला बोलायचं असतं. माझ्याशी तो एकदा वाद घालायला आला, म्हणाला, आकडे कूटबद्ध करून पाठवले तर? मी त्याचा मुद्दा नीट वाचला, एकदाच उत्तर दिलं की सर्व्हर तरीही लागतोच, आणि तिथे थांबलो. नवा मुद्दा आला तर पुन्हा विचार करावा, तोच मुद्दा जोरात आला तर नाही.

आठवड्याभराने त्याने निर्यातीच्या बटणासाठी इश्यू उघडला, साच्यात घटीची टक्केवारी वेगळ्या रकान्यात असावी असं सुचवलं. मला ते सुचलं नव्हतं. बटण आता पानात आहे, आणि त्याचं सिंक त्याच्या स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये चालतं.

तुमच्याकडे ती पुल रिक्वेस्ट किती दिवस पडून आहे, हे तुम्ही लिहिलं नाही. दोन-तीन दिवसच झाले असतील तर आज चालवून बघा आणि उद्या उत्तर द्या. महिना उलटला असेल तर पहिल्या ओळीत उशिराबद्दल माफी मागा आणि लगेच दुसऱ्या ओळीत नकार लिहा, मध्ये स्तुती नको.