बुकिंग रद्द झालं, मग परत किती मिळणार?

प्रश्न: मी ट्रॅव्हल एजन्सीत काम करतो. बुकिंग रद्द झालं की असा मेसेज पाठवतो: "एअरलाइन चार्जेस नियमानुसार, हॉटेल ५० टक्के, व्हिसा नॉन-रिफंडेबल, आमचे सर्व्हिस चार्जेस लागू. उरलेली रक्कम प्रोसेस होईल." तरी प्रत्येक जण फोन करून विचारतोच, "मग मला किती मिळणार?" कसं लिहू?

उत्तर: तुमच्या मेसेजमध्ये आकडा एकच आहे, ५० टक्के, आणि तोही कशाचे ५० टक्के ते लिहिलेलं नाही. फोन येणारच.

एक उदाहरण घेऊ. दोघांची सहल, एकूण किंमत १,२०,०००. त्यात विमानाची तिकिटं ४४,०००, हॉटेल ६०,०००, व्हिसा १०,००० आणि तुमची सेवा ६,०००. प्रवाशाने आतापर्यंत ९०,००० भरलेत आणि निघायच्या १८ दिवस आधी त्याने रद्द करायला सांगितलं. विमान कंपनी माणशी ६,५०० कापते, म्हणजे १३,०००. हॉटेल ३०,००० घेणार. व्हिसाचा अर्ज गेलेला आहे, त्यामुळे ते १०,००० गेले. तुमचे ६,००० परत होत नाहीत. एकूण कपात ५९,०००, परतावा ३१,०००.

गोंधळ नेमका इथे होतो. प्रवासी "५० टक्के" वाचतो आणि भरलेल्या ९०,००० चे निम्मे, म्हणजे ४५,००० धरून बसतो. दुसरा कोणी १,२०,००० मधून ५९,००० वजा करून ६१,००० मागतो; त्यातले ३०,००० त्याने अजून भरलेलेच नाहीत हे त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून सहलीची किंमत आणि भरलेली रक्कम वेगवेगळी लिहा, आणि वजाबाकी कायम भरलेल्या रकमेतून करून दाखवा:

> नमस्कार. तुम्ही १० तारखेला बुकिंग रद्द करायला सांगितलंत. तुम्हाला ३१,००० परत मिळतील.
>
> सहलीची किंमत १,२०,००० होती, त्यापैकी तुम्ही ९०,००० भरले होते. त्यातून कापलेले पैसे असे:
> विमान कंपनी: ६,५०० × २ प्रवासी = १३,०००
> हॉटेल: ६०,००० चे निम्मे = ३०,००० (१५ ते ३० दिवस आधी रद्द केल्यास निम्मी रक्कम, हा हॉटेलचा नियम)
> व्हिसा शुल्क: १०,००० (अर्ज दाखल झाला आहे)
> आमचं सेवाशुल्क: ६,०००
> एकूण कपात: ५९,०००
>
> ९०,००० − ५९,००० = ३१,०००. उरलेले ३०,००० आता भरायचे नाहीत.
>
> हे ३१,००० विमान कंपनीकडून येणार आहेत. आमच्याकडे जमा झाले की ज्या खात्यातून तुम्ही भरले, त्याच खात्यात पाठवू.

शेवटचा परिच्छेद लिहिण्याआधी एक पडताळणी करा: पैसा आत्ता कुणाकडे आहे? इथे ९०,००० पैकी ४४,००० विमान कंपनीकडे गेले, १०,००० व्हिसाला, हॉटेलला आगाऊ ३०,००० आणि ६,००० तुमच्याकडे. हॉटेलचा दंड आगाऊ रकमेइतकाच आहे, म्हणून तिथून काही येणार नाही. विमान कंपनी ४४,००० मधून १३,००० ठेवून ३१,००० देईल. दोन्ही बाजूंनी आकडा तोच आला. नाही आला, तर एखादी कपात दोनदा धरलीय किंवा सुटलीय. बहुतेक वेळा ती स्वतःच्याच शुल्काची असते: बुकिंग करतानाचं सेवाशुल्क आणि रद्द करण्याचं वेगळं शुल्क, दोन्ही "सर्व्हिस चार्जेस" या एकाच नावाखाली जातात. दोन्ही घेत असाल तर दोन ओळी करा. अर्थात, रद्द करण्याचं शुल्क बुकिंगच्या वेळी सांगितलेलं नसेल तर भाषा सुधारून तो वाद मिटणार नाही.

"नॉन-रिफंडेबल" तिकिटाच्या बाबतीत जपून वापरा. कित्येकदा मूळ भाडं परत मिळत नसलं तरी न केलेल्या प्रवासाचे काही कर परत मिळतात. तिकिटाचे नियम उघडून बघा आणि "भाडं परत नाही, कर इतके परत" असं लिहा.

तारखेचंही तसंच. हॉटेल चेक-इनपासून मागे दिवस मोजतं, विमान कंपनी उड्डाणापासून, आणि दोघांनाही रद्द केल्याचं कळलं तो क्षण महत्त्वाचा असतो. प्रवाशाने सांगितलं शुक्रवारी रात्री आणि तुम्ही हॉटेलला कळवलं सोमवारी, तर मधल्या काळात दंडाचा टप्पा बदललेला असू शकतो. असं झालं असेल तर दोन्ही तारखा लिहा आणि वाढलेला दंड कोण सोसणार हे आधी ठरवा. तो प्रवाशाच्या ओळीत गुपचूप मिसळू नका.

आणि कपात भरलेल्या रकमेपेक्षा जास्त निघाली तर "रिफंड शून्य" लिहून थांबू नका. वरच्या उदाहरणात प्रवाशाने ५०,०००च भरले असते, तर ९,००० कमी पडले असते. ते तुम्ही मागणार आहात की सोडणार आहात, ते त्याच मेसेजमध्ये लिहा.