दोन मुलं, दोन कोर्टं

प्रिय मित्रा,

तुझं टिपण वाचलं. भाषा छान आहे. पण दुसऱ्या पानावरच्या एका वाक्यावर माझं पेन थांबलं: ‘फ्रान्समध्ये सरकारला स्वतःची वेगळी कोर्टं आहेत, म्हणून नागरिक दुबळा, इंग्लंडमध्ये मंत्री आणि मजूर एकाच कोर्टासमोर उभे राहतात, म्हणून नागरिक बळकट.’ हे मत तुझं नाही. डायसी या इंग्लिश प्राध्यापकाने 1885 मध्ये ते मांडलं आणि तेव्हापासून ते हातोहात फिरतंय. मीही विद्यार्थी असताना उत्तरपत्रिकेत हेच लिहून आलो होतो आणि चांगले गुण मिळवले होते, तेव्हा तुला काय बोलू?

तत्त्व जरा बाजूला ठेव आणि दोन खटले शेजारी शेजारी मांडून बघ. दोन्हींत मुलांना इजा झाली होती, आणि दोन्हींत इजा करणारं सरकारच होतं.

पहिला खटला बोर्दोचा. 1871 चा नोव्हेंबर. तिथे सरकारी तंबाखूचा कारखाना होता. चार मजूर ढकलत असलेली गाडी आवारातून रस्त्यावर आली आणि पाच वर्षांच्या आन्येस ब्लांकोच्या मांडीवरून गेली. वडिलांनी साध्या दिवाणी कोर्टात मजुरांवर आणि सरकारवर दावा लावला. आधार नागरी संहितेचा: आपल्या माणसाच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर मालकाने भरून द्यायचं. कारखाना खासगी असता तर प्रकरण इथेच सरळ चाललं असतं.

पण फ्रान्समध्ये 1790 चा कायदा होता, की न्यायाधीशांनी प्रशासनाच्या कामात हात घालायचा नाही. राज्यक्रांतीआधीच्या जुन्या न्यायालयांनी राजाच्या सुधारणा अडवून धरल्या होत्या, त्याची ही आठवण. त्यामुळे प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्यातला सरकारचा प्रतिनिधी, कोर्टाला लेखी कळवू शकतो की हा दावा तुमच्या अधिकारात नाही. कोर्टाने मानलं नाही, तर तो तंटा उभा करतो, खटला जागच्या जागी थांबतो आणि कागद पॅरिसला जातात. तिथे खास याच कामासाठी एक मंडळ असतं. साध्या आणि प्रशासकीय अशा दोन्ही बाजूंच्या सर्वोच्च न्यायसंस्थांचे न्यायाधीश त्यात बसतात आणि एवढंच ठरवतात, की खटला कोणी चालवायचा. ब्लांको प्रकरणात तिथे मतं समसमान पडली आणि न्यायमंत्री दुफोर यांच्या मताने पारडं झुकलं: प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशाकडे. तारीख 8 फेब्रुवारी 1873. सरकारची जबाबदारी नागरी संहितेने ठरणार नाही, तिचे नियम वेगळे असतील, असं त्या निवाड्यात म्हटलं आहे.

इथवर वाचलं की तुझंच म्हणणं खरं वाटतं. सरकारचाच मंत्री सरकारच्या बाजूने मत देतो! (ही पद्धत बदलायला 2015 उजाडलं.) पण बहुतेक जण इथेच थांबतात, आणि तिथेच चूक होते. पुढे कोंसेय देता या प्रशासकीय सर्वोच्च संस्थेने 1874 मध्ये सरकारला जबाबदार धरलं आणि त्या मुलीला वर्षाला 500 फ्रँक तहहयात द्यायला लावले. पैसे कोणा मजुराच्या खिशातून नव्हे, राज्याच्या तिजोरीतून आले.

आता इंग्लंड. दुसऱ्या महायुद्धात समुद्रकिनाऱ्याजवळच्या वाळूच्या टेकाडांत लष्कराने सुरुंग पेरले होते. वाऱ्याने वाळू सरकली, कुंपण आणि सूचना गाडल्या गेल्या. खेळायला गेलेल्या मुलांपैकी एक मेला, एक जखमी झाला. दावा कोणावर लावायचा? राजा चूक करू शकत नाही, म्हणून राजसत्तेवर नुकसानभरपाईचा दावाच चालत नसे. डायसीचं म्हणणं असं, की त्याने काय बिघडतं, चूक करणाऱ्या अधिकाऱ्यावर इतर कोणासारखाच खटला भरा. मग सरकारने एक सोय काढली. एखाद्या अधिकाऱ्याचं नाव पुढे करायचं, दावा त्याच्यावर लावू द्यायचा, आणि तो हरला तर रक्कम सरकारने भरायची. या खटल्यात ते नाव नेलर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचं होतं.

हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तेव्हाचं सर्वात वरचं कोर्ट, तिथे 1946 मध्ये दावा फेटाळला गेला. त्याला युद्धकाळातल्या एका कायद्याचंही कारण होतं, तेवढी नोंद तुझ्या टिपणात ठेव, नाहीतर कोणीतरी तुला तिथे पकडेल. पण न्यायमूर्तींनी त्याशिवाय जे सुनावलं ते जास्त महत्त्वाचं. हा अधिकारी काही त्या जमिनीचा ताबेदार नाही. मुलांबद्दल त्याचं व्यक्तिशः कर्तव्य काय होतं? ज्याने काहीच केलेलं नाही, त्याला केवळ सोयीसाठी प्रतिवादी म्हणून उभं करायला कोर्टाने का मान डोलवावी? सोयीचं हे सोंग त्या दिवशी उघडं पडलं. दुसऱ्याच वर्षी, 1947 मध्ये, संसदेला कायदा करावा लागला आणि तेव्हा कुठे राजसत्तेवर साध्या नागरिकासारखा दावा लावता येऊ लागला. बोर्दोच्या मुलीला भरपाई मिळून तोवर सत्तर वर्षं उलटून गेली होती.

असं का झालं, तर इंग्लिश न्यायाधीशाच्या हातात नियम एकच होता, खासगी माणसांमधला. सरकार त्या नियमात बसलं नाही की हात रिकामे. फ्रेंच प्रशासकीय न्यायाधीशाला ‘वेगळे नियम’ बनवायची मोकळीक होती, आणि ते नियम नेहमी सरकारच्याच बाजूने झुकले नाहीत. 1895 चा निवाडा बघ: शस्त्रागारातल्या काम आडनावाच्या मजुराचा हात धातूची कपची उडून निकामी झाला होता. चूक कोणाचीच नव्हती. तरीही कोंसेय देताने धोक्याचा भार राज्यावर टाकून वर्षाला 600 फ्रँक द्यायला लावले.

आता फ्रेंच पद्धतीचं खरं दुखणं सांगतो, कारण टिपण एकतर्फी झालेलं मला नको आहे. ते दुखणं म्हणजे दारं चुकणं. रोझे नावाचा एक माणूस खासगी गाडीतून जात असताना लष्करी गाडीशी टक्कर होऊन जखमी झाला. दिवाणी कोर्ट म्हणालं, खासगी चालकाची चूक नाही. प्रशासकीय न्यायाधीश म्हणाला, लष्करी चालकाची चूक नाही. दोन्ही निकाल आपापल्या जागी नीट, आणि जखमी माणूस मधल्या मध्ये उपाशी. अखेर 1932 मध्ये त्याच्यासाठी कायदा करावा लागला, की असे दोन निकाल एकमेकांना छेद देऊन न्याय नाकारत असतील तर ते तंट्याचं मंडळच मूळ प्रकरण निकाली काढील. एकाच कोर्टात दोन्ही चालकांना शेजारी उभं केलं असतं, तर ही वेळ आली नसती. इथे मात्र इंग्लिश पद्धत निर्विवाद सरस आहे.

एक गंमत अशी, की 31 डिसेंबर 1957 च्या कायद्याने फ्रान्सने वाहनांनी केलेल्या नुकसानीचे दावे, वाहन सरकारी असलं तरी, साध्या कोर्टांकडे सोपवले. म्हणजे ज्या खटल्यावर ही सगळी इमारत उभी राहिली, तोच आज घडला असता तर आन्येसच्या वडिलांनी जिथे दावा लावला होता तिथेच चालला असता. तिकडे इंग्लंडमध्ये 1982 पासून कोर्टांनी सांगायला सुरुवात केली की सरकारी निर्णयाला आव्हान द्यायचं तर खास अर्जाच्या वाटेनेच या, सहसा तीन महिन्यांच्या आत. साध्या दाव्याच्या वाटेने आलेल्या काही जणांना दारातूनच परत फिरावं लागलं. कोर्ट एकच, पण दारं दोन. रोझेला ते चित्र ओळखीचं वाटलं असतं.

तेव्हा दुसऱ्या पानावरचं ते वाक्य खोड आणि त्या जागी दोन्ही खटले लिही. प्रत्येकात एवढंच दाखव: दावा कोणावर लागला, कोणत्या नियमाने, आणि शेवटी पैसे मिळाले का, मिळाले तर कोणाच्या तिजोरीतून. नवा खर्डा झाला की पाठव.

तुझा,
जुना मास्तर