केळीचा धागा, इपॉक्सी आणि यूटीएमवर झालेला पोपट

प्रश्न: मेकॅनिकल, फायनल इयर, मुंबई. केळीच्या खोडाचे धागे ५ मिमी कापून इपॉक्सीत २० टक्के घातले. टेन्साइल ३१ मेगापास्कल आली, डेटाशीटमध्ये नुसत्या इपॉक्सीची ७५ च्या आसपास आहे. धागा घालून स्ट्रेंथ कमी कशी झाली? काथ्या घेतला असता तर बरं झालं असतं का?

आधी ती डेटाशीट बाजूला ठेवा. तो आकडा हवा काढून, ओव्हनमध्ये नीट क्युअर केलेल्या सॅम्पलचा असतो, आणि तुम्ही बहुतेक आमच्यासारखंच प्लास्टिकच्या ग्लासात आइस्क्रीमच्या काडीने ढवळून ओतलं असणार. त्याच डब्यातलं रेझिन त्याच साच्यात धागा न घालता ओता आणि त्याचे पाच तुकडे ओढा, तुमची तुलना त्याच्याशी. आमची नुसती शीट ४६ ला तुटली होती. आणि धागा घातलेली पहिली शीट २८ ला! म्हणजे तुमचं ३१ आमच्यापेक्षा बरंच म्हणायचं.

आमचा पोपट कसा झाला ते सांगतो, कारण तुमच्या शीटमध्येही त्यातलं काहीतरी असणारच. जुलै महिना, वसईच्या एका वाडीतून घड काढून झाल्यावर पाडलेले खांब उचलले, सोपटं सोलून बोथट पात्याने खरवडून धागा काढला, चार दिवस हात काळे. मग कॉस्टिकची ट्रीटमेंट, लिटरला ५० ग्रॅम. पार्टनरने घरचं जर्मनचं पातेलं आणलं होतं आणि कोणाच्याच डोक्यात आलं नाही की कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं. पाच मिनिटांत पातेलं फसफसायला लागलं, तो फेस म्हणजे हायड्रोजन, तेव्हा खिडक्या उघडा आणि पळा. स्टीलचं किंवा प्लास्टिकचं भांडं घ्या, गॉगल लावा, आणि दोन-तीन तासांवर धागा त्यात ठेवू नका. आम्ही रात्रभर ठेवलेला एक लॉट पिवळा पडून हाताने तुटायला लागला होता.

पण खरा घोळ ट्रीटमेंटचा नव्हता, ओलीचा होता. आम्ही धागा ओव्हनमध्ये वाळवला, बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि वडापाव खायला गेलो. मुंबईच्या पावसाळ्यात तासाभरात तो परत हवेतली ओल पितो, हाताला मात्र कोरडाच लागतो, म्हणून फसायला होतं. वजन करून बघा: टेबलावरचा १० ग्रॅम धागा १०५ डिग्रीला तीन-चार तास ठेवा आणि परत तोला, आमचा ८.९ भरला होता. म्हणजे ५० ग्रॅम धाग्याबरोबर आम्ही साडेपाच ग्रॅम पाणी रेझिनमध्ये घातलं होतं. रेझिन क्युअर होताना गरम होतं, त्या पाण्याची वाफ होते आणि आत बुडबुडे अडकतात, शिवाय धाग्याच्या अंगाला पाण्याचा थर असला की रेझिन तिथे चिकटत नाही. रूम टेंपरेचरचा अमाइन हार्डनर असेल तर दमट हवेत शीटवर पांढरट चिकट साय येते, ती दिसली की समजा त्या दिवशी ओतायलाच नको होतं.

आता हे बुडबुडे किती, ते मशीनशिवाय काढता येतं आणि व्हायवात याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. आमचा साचा २५० बाय २५० बाय ३ मिमी, म्हणजे १८७.५ घनसेंमी. त्यात धागा ५० ग्रॅम. केळीच्या धाग्याची घनता १.३५ धरली तर ३७ घनसेंमी, म्हणजे आकारमानाने २० टक्के. उरलेल्या १५० मध्ये रेझिन आणि हार्डनर मिळून १७२ ग्रॅम, घनता १.१५ धरून. या वजनांवरून शीटची घनता १.१९ यायला हवी. प्रत्यक्षात काय झालं तर वरची प्लेट नीट दाबली गेली नाही आणि शीट ३.४ मिमी जाड निघाली, त्यातून कापलेला २५ बाय २५० चा तुकडा २२.९ ग्रॅम भरला. भागाकार करा, घनता १.०८. म्हणजे साधारण ९ टक्के नुसती हवा! कॅलिपर उंचवट्यांवर टेकतो म्हणून हा आकडा थोडा फुगलेला असतो, आणि केळीचा धागा स्वतः आतून पोकळ असल्याने त्याची घनताही वेगवेगळी सापडते, तेव्हा ९ च्या जागी ७ असेल, पण २ नक्कीच नाही. आणि गंमत बघा, जाडी वाढली की एरिया वाढतो, लोड तोच राहतो, त्यामुळे मेगापास्कल आणखी खाली येतात.

तुटलेले तुकडे फेकले नसतील तर आत्ताच काढा आणि मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून तुटलेला तोंडाकडचा भाग बघा. गोल चकचकीत खड्डे दिसले तर बुडबुडे. धागे लांब लांब, स्वच्छ, मिशीसारखे बाहेर आलेले दिसले तर पकड नव्हती, ते तुटले नाहीत, सुटून आले. धाग्यांचे गुच्छ आत कोरडेच दिसले तर रेझिन तिथे पोचलंच नाही. आमच्याकडे तिन्ही होतं 😅. धागे रेझिनच्या लगत तुटलेले असतील तर पकड चांगली आहे आणि तुमचा प्रॉब्लेम दुसरीकडे आहे.

दुसरीकडे म्हणजे लांबी आणि दिशा. धाग्यावर लोड त्याच्या बाजूंनी चढतो, टोकाला शून्य असतो आणि आत जाईल तसा वाढतो, म्हणून धागा फार आखूड असेल तर तो पूर्ण ताकदीला पोचायच्या आधीच सुटतो. हिशोब सोपा आहे: धाग्याची ताकद गुणिले जाडी, भागिले पकडीच्या दुप्पट. धागा ०.१५ मिमी जाड, ताकद ५०० मेगापास्कल धरू (नैसर्गिक धाग्यात ही फार खालीवर होते), पकड कमजोर म्हणून ५ मेगापास्कल धरू, तर कमीत कमी ७.५ मिमी लांबी हवी. तुमचा ५ मिमीचा आहे. म्हणजे तो धागा कमी आणि भराव जास्त.

दिशेचंही तसंच. सगळे धागे ओढायच्या दिशेने असते तर कागदावर २० टक्क्यांच्या धाग्याचे १०० आणि उरलेल्या रेझिनचे साधारण ३२, मिळून १३० च्या आसपास येतं. तेच कसेही पसरलेले असतील तर धाग्याचा वाटा तीन अष्टमांश धरतात, म्हणजे ३७, एकूण ७० च्या आत, आणि हे सुद्धा पकड पक्की असेल तर. आडवे पडलेले धागे तर मदत करतच नाहीत, उलट तिथूनच चीर सुरू होते.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही धागे कापलेच नाहीत. फणीने विंचरले (आईची जुनी फणी, ती परत मागितली नाही), साच्याच्या लांबीएवढे ठेवून एकाच दिशेने तीन थर लावले, प्रत्येक थरावर रेझिन ओतून रोलरने दाबलं. धागा ओव्हनमधून गरम गरमच झिप बॅगेत सिलिका जेलबरोबर टाकला आणि ओतायच्या क्षणी बाहेर काढला. साच्याला ३ मिमीचे स्पेसर आणि वरून सी-क्लॅम्प, रिलीजला ओएचपी शीट. जाडी ३.१ आली, हवा ३ टक्क्यांच्या आसपास, आणि पाच तुकड्यांची सरासरी ७४. कागदावरच्या १३० ला पोचलो नाही आणि पोचणारही नव्हतो, पण नुसत्या ४६ च्या वर गेलो.

टेस्टिंगबद्दल एकच सांगतो कारण इथे लोक सरळ सरळ चुकीचे आकडे छापतात. कॉलेजमधलं सिव्हिलवाल्यांचं यूटीएम बहुतेक ४० टनाचं असतं, सळया ओढायला. आमचा पहिला तुकडा २८ ला तुटला म्हणजे लोड किती? २५ गुणिले ३.४ गुणिले २८, जेमतेम २४०० न्यूटन, अडीचशे किलो पण नाही. ४० टनाच्या मशीनवर अडीचशे किलो वाचायचं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर कोथिंबिरीची जुडी. वर त्याचे दातेरी जबडे शीट चावतात आणि तुकडा जबड्यातच तुटतो. जबड्यात तुटलेला आकडा सरासरीत घ्यायचा नाही. दहा किलोन्यूटन लोड सेलचं मशीन शोधा, प्लास्टिक किंवा टेक्स्टाइल शिकवणाऱ्या डिपार्टमेंटमध्ये असतं. तुकड्याच्या टोकांना एमरी पेपर गुंडाळा किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवा, एएसटीएम डी ३०३९ प्रमाणे स्पीड मिनिटाला २ मिमी ठेवा आणि किमान पाच चांगले तुकडे मिळेपर्यंत थांबू नका. आमचे ७४ म्हणजे ६३ ते ८६ होते, रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं, आणि एक्सटर्नलने त्यावरच सगळ्यात जास्त विचारलं.

आता काथ्या. टेन्साइल वाढवायला घेतला असता तर आणखी निराश झाला असतात. काथ्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या वर, आतले सेल्युलोजचे तंतू तिरके गुंडाळलेले, त्यामुळे तो स्प्रिंगसारखा ताणतो, १५ ते ३० टक्के लांब होऊन मग तुटतो, आणि ताकद दीड-दोनशे मेगापास्कल. इपॉक्सी मात्र चार-पाच टक्क्यांतच तडकतं. म्हणजे रेझिन तुटतं तेव्हा काथ्या अजून आरामात आहे, त्याने आपला पूर्ण भार उचललेलाच नसतो. पण हीच गोष्ट इम्पॅक्टला कामाला येते, तडकल्यावरही काथ्या दोन तुकडे धरून ठेवतो आणि सुटून येताना एनर्जी खातो. आमच्या बाजूच्या ग्रुपने दादरच्या शहाळेवाल्याकडून सोडणं गोळा करून शीट केली होती, टेन्साइल नुसत्या रेझिनपेक्षा खाली, आयझॉड इम्पॅक्ट टेस्टला मात्र नुसत्या रेझिनच्या वर. त्यांनी प्रोजेक्टचं नावच बदलून इम्पॅक्टवर नेलं.

तुमच्याकडे सबमिशनला महिना असेल तर नुसत्या रेझिनची शीट आणि लांब धाग्याची एक शीट, एवढंच करा. आणि सध्याची ३१ वाली टाकू नका, तिची घनता काढून, तुटलेल्या तोंडाचे फोटो लावून तीच पहिल्या चॅप्टरमध्ये घाला.