कॉफीच्या बोलावण्यांबद्दल मैत्रिणीला मेल लिहिताना

प्रश्न: मी बेळगावात असते. आधीच्या नोकरीतला एक सहकारी सारखा कॉफीला बोलावतो, पण डेट हा शब्द कधी काढत नाही. पुण्यातल्या जवळच्या मैत्रिणीला ईमेल करून हे सगळं सांगायचंय. कसं लिहू?

उत्तर:

असाच मेल मला इथे पुण्यात आला होता, माझ्या बेळगावच्या मैत्रिणीचा. तिला विचारूनच तो इथे देते आहे. ओळख पटेल असं सगळं काढलंय.

ती उद्यमबागेत एका फौंड्रीच्या हिशेब विभागात. तो तिथलाच, तिचा वरिष्ठ, नोकरी सोडून गेलेला, घरची भाषा कन्नड. तिच्या पहिल्या मेलमध्ये 'तो सारखा बोलावतो', 'छान बोलतो', 'मध्येच गप्प होतो' एवढंच होतं. म्हणजे तिनं काढलेले अर्थ होते आणि ते कशावरून काढले ते नव्हतं. असा मेल वाचणारीला फक्त 'हो गं' म्हणता येतं. मी तिला कळवलं, व्हॉट्सॅप उघड, त्याचं प्रत्येक बोलावणं क्रमाने उतरव, त्याचे शब्द आहेत तसे ठेव आणि तुझा अंदाज शेवटी लिही. मग हा मेल आला:

"गणपतीनंतर त्याचा पहिला मेसेज. पीएफच्या खात्यात त्याची नोकरी सोडल्याची तारीख चढली नव्हती, त्याबद्दल. 'कॉफीला बर्री, बोलूया.' शनिवारी चार वाजता आरपीडी क्रॉसजवळ, पाऊण तास. दुसऱ्यांदा परत तेच काम. ते झालं. दसऱ्यानंतर तिसऱ्यांदा, 'सहजच, बा की कॉफीला.' मी विचारलं, आपल्या विभागातल्या दोघींना आणू काय? म्हणाला, 'आण की.' त्या आल्या नाहीत, आम्ही दोन तास बसलो. चौथ्यांदा रविवारी संध्याकाळी, कॅम्पात. पाचव्यांदा मी नाही म्हटलं, घरी पाहुणे होते. लगेच उत्तर आलं, 'मग बुधवारी?' बिल एकदा मी दिलं, बाकी त्यानं."

यातली पहिली दोन बोलावणी मी खोडून टाकली. नोकरी सोडलेल्या माणसाची जुन्या ऑफिसात कामं अडकलेली असतात. पीएफची तारीख असते, अनुभवाचा दाखला असतो, फॉर्म सोळा असतो. त्यासाठी ओळखीच्या माणसाला कॉफी पाजणं यात काही विशेष नाही. तुमच्याही मेलमध्ये प्रत्येक बोलावण्यापुढे कारण लिहा. आमच्या या मेलमध्ये 'सारखा' म्हणजे पाच होते, त्यांचे तीन उरले. पण ते तीन बिनकामाचे होते, म्हणून तेच मोलाचे.

मग भाषा. 'बर्री'चं 'बा' झालं, हे तिनं मराठीत 'ये म्हणाला' असं लिहिलं असतं तर हातातून निसटलं असतं. आपल्याकडच्या कन्नडात 'बर्री' म्हणजे आदरानं 'या', आणि 'बा' म्हणजे 'ये'. ऑफिसातल्या माणसाला बर्री म्हणणारा दोन महिन्यांत बा वर आला. तुमचा सहकारी मराठी असेल तर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते लिहा, आणि आधी कोण 'तू' म्हणालं तेही. मैत्रीण पुण्याची असेल तर कन्नड शब्द तसाच ठेवून पुढे अर्थ द्या. फक्त यावरून निकाल लावू नका. नोकरी सुटली की साहेबपणाही सुटतो, आणि जवळीक नसतानाही माणूस बा म्हणू लागतो.

'आण की' वरून मैत्रिणीच्या वहिनीनं निकाल लावून टाकला: डेट असती तर दुसऱ्या दोघींना आण म्हणाला असता का? मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. 'नको, एकटीच ये' म्हटलं असतं तर त्याच क्षणी ते नाव न घेता सांगितल्यासारखं झालं असतं, आणि तेच तर तो टाळत होता. त्या दोन शब्दांतून हो पण निघत नाही आणि नाही पण.

वहिनीचं दुसरं म्हणणं, बिल कोण देतो ते बघ. बेळगावात बोलावणाऱ्यानं द्यायचं असतं, आणि काउंटरवर 'मी देतो, मी देतो' ही ओढाताण नुसत्या ओळखीच्या माणसांतही चालते. बिलाबद्दल मेलमध्ये एक वाक्य पुरे.

या मेलमधली सगळ्यात कामाची ओळ 'मग बुधवारी?' ही होती, आणि ती तिनं जवळजवळ गाळलीच होती, कारण ती कॉफी झालीच नाही. भेटी झाल्या त्या आपण लिहितो, मोडल्या त्या विसरतो. नुसता वेळ घालवणारा माणूस नकारावर 'बरं, बघूया' म्हणून सोडून देतो. स्वतःहून दुसरा वार सुचवणाऱ्याला भेटायचं असतं. कशासाठी ते यातूनही कळत नाही, पण भेटायचं आहे एवढं पक्कं होतं. म्हणून तुम्ही नाही म्हटलेली प्रत्येक वेळ आणि त्यावरचं त्याचं उत्तर आधी लिहा.

आणि 'तो डेट म्हणत नाही' ही तक्रार मेलच्या केंद्रस्थानी ठेवू नका. आपल्याकडे कितीतरी लोक हा शब्द मराठीत बोलताना काढत नाहीत आणि कन्नडमध्येही काढत नाहीत. तिथे 'भेटूया', 'फिरून येऊया' हेच शब्द चालतात. शिवाय या माणसानं तीन वर्षं तिची व्हाउचरं तपासली होती. तिनं नकार दिला तर जुन्या ऑफिसात ते पोचायला वेळ लागला नसता. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे, मला ते योग्य वाटत नाही.

मेलच्या शेवटी तिनं विचारलं होतं, 'त्याच्या मनात काय असेल?' मी पुण्यात बसून हे कसं सांगणार? मी उलट विचारलं, तुझ्या मनात काय आहे ते लिही. मग तिचं वाक्य आलं: "मला तो आवडतो, खरं तो परत आमच्याच कंपनीत आला तर अवघड होईल." (हे 'खरं' म्हणजे 'पण', पुण्याच्या मैत्रिणीला सांगा, नाहीतर ती उलटं वाचेल.) याला मला उत्तर देता आलं. पुढच्या बोलावण्याला काय पाठवायचं ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं: 'येते की. खरं हे नुसतं ओळखीचं भेटणं नसेल तरी मला चालतंय. तुझं काय?' वहिनी म्हणत होती, 'सरळ विचार, हे काय आहे म्हणून.' तसं विचारलं की सगळा भार त्याच्यावर जातो आणि तो 'कॉफीच की' म्हणून सुटतो. आधी स्वतःचं सांगितलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

आता राहिलेलं. ऑफिसच्या खात्यावरून हा मेल पाठवू नका. ते खातं कंपनीचं असतं. त्याचं नाव न लिहिता एक अक्षर वापरा. पत्ता सगळ्यात शेवटी भरा, कारण दोन अक्षरं टाकली की जीमेल स्वतःच नाव सुचवतं आणि त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाला मेल जातो. सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत ५ सेकंदांपासून ३० पर्यंत मिळते, ती ३० करून ठेवा.

हे सगळं तो मोकळा असेल आणि तुमचं कुठलं काम त्याच्या हातात नसेल तर. तुमच्या पुढच्या नोकरीसाठी त्याचा शब्द लागणार असेल, तर मेलमध्ये ते पहिल्याच ओळीत यायला हवं. आणि तुम्ही स्पष्ट नाही म्हटल्यावरही बोलावणी येत असतील तर शब्दांचे अर्थ लावत बसू नका. मेसेज जपून ठेवा, आणि मैत्रिणीला मेल नको, फोन करा.