शालोम म्हणजे हिशेब चुकता

एक वाचक विचारतात: पुढच्या महिन्यात संशोधनासाठी इस्रायलमधल्या रेहोवोत शहरात चाललोय. शालोम म्हणजे शांती, एवढंच माहीत होतं. पण भेटताना तेच, निघताना तेच आणि तब्येत विचारतानाही तेच? नेमकं म्हणायचं काय असतं?

'शांती' हा अर्थ चुकीचा नाही, पण पहिला नाही. हिब्रू शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. इथला धातू श-ल-म, आणि त्याचा गाभा आहे पुरेपणा. 'शालेम' म्हणजे अख्खं, न तुटलेलं. 'मुश्लाम' म्हणजे ज्यात काही कमी नाही असं. आणि 'लेशालेम' म्हणजे पैसे देणं! रेहोवोतच्या दुकानात गल्ल्यावरची बाई हेच क्रियापद वापरून तुम्हाला पैशांचं विचारेल. यात विनोद काही नाही. देणं दिलं की हिशेब पुरा होतो, आपण 'चुकता झाला' म्हणतो तसा. बिल भागलं की त्यावर 'शुलाम' लिहितात, तेही याच घरातलं.

तेव्हा शालोम म्हणणारा तुम्हाला नुसता शांतपणा चिंतत नाही. तुमचं काही तुटलेलं, अडलेलं, बाकी राहिलेलं नसो, असं तो म्हणतो. भेटताना आणि निघताना, दोन्ही वेळा ते बसतं ते त्यामुळेच.

याचा सगळ्यात मजेदार पुरावा बायबलातच आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात दावीद राजा आघाडीवरून बोलावून घेतलेल्या उरिया नावाच्या सैनिकाला तीन गोष्टी विचारतो: सेनापती योआबाचा शालोम, लोकांचा शालोम आणि युद्धाचा शालोम. युद्धाची शांती म्हटलं तर वाक्यच कोसळतं. युद्धाची हालहवाल म्हटलं की सगळं सरळ. (ज्या दाविदाने उरियाची बायको आधीच राजवाड्यात आणली होती, त्यानेच इतक्या मायेने क्षेमकुशल विचारावं, हा भाग वेगळा.)

आजचं 'कसे आहात' हेसुद्धा तिथूनच आलं. पुरुषाला 'मा श्लोम्खा', बाईला 'मा श्लोमेख', शब्दशः 'तुझा शालोम काय?' नवशिके सगळ्यांना 'श्लोम्खा' म्हणत सुटतात, आणि प्रयोगशाळेतली बाई मान वळवून मागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघते. तेवढं सांभाळा. बाकी तुमच्या वयाची मुलं आपसात 'हाय' म्हणतील आणि निघताना 'याल्ला बाय', म्हणजे अर्धं अरबी, अर्धं इंग्रजी. शालोम तुम्हाला थोरामोठ्यांकडून आणि अनोळखी माणसांकडून जास्त ऐकू येईल.

'शालोम अलेखेम' आणि 'सलाम आलेकुम' एकच का?

सख्खी भावंडं. हिब्रू आणि अरबी एकाच कुळातल्या, त्यामुळे स-ल-म आणि श-ल-म हा एकच धातू. दोन्हींचा अर्थ 'तुम्हांवर शालोम असो', आणि दोन्हीकडे उत्तर देताना शब्द उलटे होतात: 'अलेखेम शालोम'. समोर माणूस एक असला तरी 'तुम्हांवर' अनेकवचनातच राहतं. माणसाबरोबर त्याचे देवदूतही चालत असतात, त्यांनाही धरून बोलायचं, अशी एक लाडकी पारंपरिक उपपत्ती आहे.

आमच्या कंपनीचं तेल अवीवमध्ये ऑफिस आहे. तिथल्या एका सहकारी बाईने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की ती गरोदर आहे. मी उत्साहाने 'मझल तोव' म्हणाले. ती कसनुसं हसली आणि विषय बदलला. माझं काय चुकलं?

शब्द बरोबर होता, वेळ चुकली. आधी शब्द उलगडू.

'तोव' म्हणजे चांगला. 'मझल'चा आजचा बोलीतला अर्थ नशीब, पण मुळात तो आकाशातला शब्द आहे. बायबलात 'मझलोत' येतात ती नक्षत्रं-राशी म्हणून, आणि त्यामागे अक्कादी भाषेतला, ताऱ्याचं स्थान दाखवणारा शब्द आहे. म्हणजे 'मझल तोव' शब्दशः 'शुभ राशी' किंवा, आपल्या तोंडच्या भाषेत, 'ग्रह चांगले'. इस्रायलच्या उत्तर भागात बेत आल्फा इथे सहाव्या शतकातल्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराची, फरशी सापडली आहे. तिच्यावर मधोमध रथातला सूर्य आणि भोवती बारा राशी, प्रत्येकीचं नाव हिब्रूत: तालेह म्हणजे कोकरू, शोर म्हणजे बैल, तेओमिम म्हणजे जुळे. मेष, वृषभ, मिथुन ही आपलीच ओळ! गंमत म्हणजे 'इस्राएलाला राशी लागू नाहीत' असं मत ताल्मुदमध्ये, म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, ठणकावून मांडलेलं आहे, आणि लागू आहेत म्हणणारा पंडितही तिथेच बसलेला आहे. वाद तसाच राहिला, शुभेच्छा मात्र टिकली.

आता वेळ. मझल तोव झालेल्या गोष्टीला म्हणतात. लग्नात नवरदेव पायाखाली काचेचा पेला फोडतो, आणि तो फुटल्याचा आवाज आला की मांडव 'मझल तोव' म्हणून गर्जतो. आवाजाआधी नाही. साखरपुडा ठरला, मूल जन्मलं, निकाल लागला, घराची किल्ली हातात आली, की म्हणा. परीक्षेला निघालेल्या मुलाला ते म्हणत नाहीत, त्याला 'बेहत्झलाखा', म्हणजे 'यशासह'. मराठीतही 'अभिनंदन' आणि 'शुभेच्छा' आपण असेच वेगळे ठेवतो. इंग्रजी मालिकांतून मझल तोव उचललं की हा भेद गळून पडतो.

गरोदरपणात तर अजून काही झालेलं नाही. तिथे आधीच अभिनंदन करणं अनेकांना नजर लावल्यासारखं वाटतं; काही घरांत बाळाचा पाळणासुद्धा जन्माआधी घरात आणत नाहीत. अशा वेळी म्हणतात 'बेशाआ तोवा', शब्दशः 'शुभ घटकेला'. अर्थात, जे व्हायचं ते आपल्या योग्य घटकेला आणि नीट होवो. आपल्या आज्या 'सुखरूप सुटका होऊ दे' म्हणायच्या ना, अगदी तेच.

पुढच्या कॉलवर माफीबिफी मागत बसू नका. सहज 'बेशाआ तोवा' म्हणा, तिला कळेल. मझल तोव बाळंतपणाच्या बातमीसाठी राखून ठेवा.

आमच्या ठाण्याच्या इमारतीतल्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, आजोबांचं निधन झालं. त्यांच्या घरी जायचंय. दारात शालोम म्हणावं का?

म्हणू नका. मीही बेने इस्राएली घरातली, आणि लहानपणी हीच चूक मामाच्या घरी केली होती. कोणी रागावलं नाही, आजीने फक्त माझा हात दाबला.

दफनानंतरचे सात दिवस घरचे सुतकात बसतात, त्याला 'शिवा' म्हणतात. शिवा म्हणजे सात. या दिवसांत शोक करणाऱ्याला शालोम म्हणायचं नाही, असा नियम आहे. शब्दशः अर्थ आठवा, म्हणजे कारण आपोआप दिसेल. ज्या घरातलं माणूस नुकतंच गेलं, त्या घराला 'तुमच्याकडे काही उणं नाही ना' असं कसं विचारणार? शिवाय शालोम हे देवाच्या नावांपैकी एक मानतात. त्यामुळे ताल्मुदनुसार स्नानगृहातही शालोम म्हणायचं नाही. सुतकाचा नियम मात्र मला नेहमी पहिल्याच कारणाने पटतो.

आत जा, बसा. घरचे बोलतील तेव्हा बोला, ते गप्प असतील तर तुम्हीही गप्प. जुनी रीत तीच आहे. निघताना अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या परंपरेचे, ज्यू एक लांब वाक्य म्हणतात. त्यात देवाला 'हामाकोम', म्हणजे 'स्थान', असं म्हटलेलं असतं: 'हे स्थान तुमचं सांत्वन करो, सियोन आणि यरुशलेमच्या इतर शोकाकुलांबरोबर.' सेफर्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, रीतीत छोटं आहे: 'मिन हाशामायिम तेनुखामू', आकाशातून तुमचं सांत्वन होवो. तुम्ही हिब्रूच्या मागे लागू नका. त्या घरची भाषा मराठीच आहे, 'आजोबा फार आठवतील' एवढं पुरे.

या शब्दाची एक बारकी कात्रीही सांगून ठेवते. निरोप देताना जिवंत माणसाला 'लेख लेशालोम' म्हणावं, शालोमकडे जा. आणि मृताला 'लेख बेशालोम', शालोममध्ये जा, असं ताल्मुद सांगतं. इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला, पहिलं म्हटलं आणि मोशेचं भलं झालं. दाविदाने आपल्या मुलाला, अबशालोमला, दुसरं म्हटलं आणि तो पोरगा पुढे झाडाला लटकला. एका अक्षराचा फरक. जिवंत माणूस पुरा व्हायचाच असतो, त्याला अजून चालायचं असतं.

सप्टेंबरमध्ये एका इस्रायली मित्राने 'ग्मार खतिमा तोवा' असा मेसेज पाठवला. मी 'हॅपी योम किप्पूर' लिहून पाठवलं. ठीक होतं ना?

मित्र हसला असेल, दुखावला नसेल. पण योम किप्पूर हा पंचवीसेक तासांचा कडक उपास आहे, पाणीही नाही. त्या दिवशी 'हॅपी' जरा विचित्रच.

कल्पना अशी: हिब्रू नववर्षाच्या दिवशी स्वर्गात प्रत्येकाच्या येत्या वर्षाचा निकाल लिहिला जातो, आणि दहाव्या दिवशी, योम किप्पूरला, त्यावर शिक्का बसतो. 'खतिमा' म्हणजे तो शिक्का; आजच्या हिब्रूत बँकेच्या फॉर्मवरच्या सहीलाही खतिमाच म्हणतात. 'ग्मार' म्हणजे शेवट. एकूण इच्छा: 'शेवटची सही चांगली होवो.' नववर्षाआधी म्हणतात ते 'क्तिवा वाखतिमा तोवा', त्यात 'क्तिवा', म्हणजे लिहिणं, हाही शब्द असतो. नववर्ष उलटलं की तो गळतो. लिहून तर झालं, आता सही बाकी! कोणाला उशिरा 'क्तिवा' म्हणालात, तर त्याचं नाव अजून लिहिलेलं नाही असं सुचवल्यासारखं होतं.

पुढच्या वर्षी 'गाम लेखा' लिहा, 'तुलाही'. आणि उपासासाठी 'त्झोम काल', उपास हलका जावो.

वाढदिवसाला म्हणतात ते 'एकशे वीसपर्यंत' कुठून आलं? आपण तर शंभरावरच थांबतो.

मोशेपासून. तो एकशेविसाव्या वर्षी वारला, आणि बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात लिहिलंय की तेव्हाही त्याची नजर मंद झाली नव्हती. 'आद मेआ वेएस्रिम', एकशे वीसपर्यंत, हे पाच वर्षांच्या पोरालाही म्हणतात. एवढंच लक्षात असू द्या, की 'आखारेई मेआ वेएस्रिम', एकशे वीसनंतर, याचा अर्थ 'तुमच्या पश्चात' असा होतो. मृत्युपत्राची बोलणी निघाली की वकील मंडळी हेच म्हणतात, समोरचा ऐंशीचा असो की चाळिशीचा.