शिफारसपत्र मागण्यापूर्वी
अनुवादाच्या फेलोशिपसाठी संपादकांकडे शिफारसपत्र मागताना केवळ आपला परिचय पाठवू नका. तुमचा पहिला खर्डा, त्यावरील त्यांच्या खुणा आणि अंतिम पाठही सोबत द्या, कारण ‘भाषेवर प्रभुत्व’ हे शब्द निवड समितीला जवळजवळ प्रत्येक पत्रात भेटतात. मी लिहिलेल्या एका पत्राचा गाभा असा होता: कथेतील पत्नी नवऱ्याला आयुष्यभर ‘अहो’ म्हणते आणि शेवटी एकदाच ‘तू’ म्हणते, इंग्रजीत तुम्ही आणि तू यांना एकच सर्वनाम असल्याने पहिल्या खर्ड्यात तो क्षण हरवला होता, म्हणून अनुवादिकेने तोवर पत्नीच्या तोंडी नवऱ्याचे नाव येऊ दिले नाही आणि नेमके त्या वाक्यात आणले. मात्र संपादकांना मूळ भाषा येत नसेल, तर त्यांनी मूळनिष्ठेची ग्वाही देऊ नये. अनुवादित गद्याबद्दलच लिहावे.